वांद्र्याची पहाट आणि वरचा आकडा

मुंबईला हिवाळा नसतो, असे मुंबईकर स्वतःच म्हणतात आणि पुण्या-नाशिकचे पाहुणे त्याला हसून दुजोरा देतात. मग डिसेंबर-जानेवारीत रक्तदाबाचे आकडे वर जातात, हे वांद्र्यात राहणाऱ्याने का मानावे? थंडीने बीपी वाढते ही गोष्ट दिल्ली-लुधियानाची, फार तर महाबळेश्वरची. इथे जानेवारीच्या दुपारीही कार्टर रोडवर चालताना घाम येतो. आक्षेप चुकीचा नाही, पण तो दिवसाच्या एकाच प्रहराकडे पाहून घेतलेला आहे. वांद्र्याशेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदी पाहिल्या, की जानेवारीतले सरासरी कमाल तापमान ३१ अंशांच्या आसपास आणि मे महिन्यातले ३३-३४ च्या आसपास दिसते. फरक जेमतेम दोन-तीन अंशांचा. किमान तापमानाचा रकाना मात्र वेगळेच सांगतो. मे महिन्यात पहाटेही पारा २७ च्या खाली सहसा उतरत नाही, आणि जानेवारीत तो सरासरीने १७ पर्यंत येतो. इथे फरक दहा अंशांचा आहे. याच वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर गेला होता. तो अपवाद सोडून देऊ. बँडस्टँडला समुद्राची ऊब असल्यामुळे तिथली पहाट सांताक्रूझपेक्षा एखाद-दोन अंशांनी सौम्य असू शकते, तेही मान्य करू. तरी मुद्दा उरतोच. मुंबईचा हिवाळा दुपारी नसतो, पहाटे असतो. रक्तदाबाच्या दृष्टीने या शहरातला ऋतुबदल समजून घ्यायचा तर तो पहाटेच्या आकड्यांत शोधावा लागतो, आणि औषधांचे निर्णयही त्याच आकड्यांवर उभे राहायला हवेत, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

थंडी आणि रक्तदाब यांचे नाते तसे जुनेच ठाऊक आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हाइन्स आणि ब्राउन या डॉक्टरांनी एक साधी चाचणी रूढ केली. माणसाचा हात बर्फाच्या पाण्यात बुडवायचा आणि दुसऱ्या हातावर रक्तदाब मोजायचा. मिनिटभरात वरचा आकडा दहा-वीस मिलिमीटरने चढतो. त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंकडून मेंदूला निरोप जातो, नॉरअॅड्रिनलिन रक्तात येते आणि त्वचेखालच्या बारीक धमन्या आकसतात. शरीर आतली ऊब राखण्यासाठी त्वचेकडचे रक्त आत ओढून घेते. नळी अरुंद झाली आणि आतले रक्त तेवढेच राहिले, तर दाब वाढणारच. बर्फात हात घालणे हा अर्थात टोकाचा प्रकार झाला. खिडकीच्या फटीतून येणाऱ्या १७ अंशांच्या हवेत तेच घडते, फक्त हळू आणि कमी प्रमाणात. वयाबरोबर धमन्या कडक होत जातात, त्यामुळे तेवढ्याच आकसण्याने साठीच्या माणसाचा आकडा तिशीतल्यापेक्षा जास्त चढतो.

धमन्या आकसणे हे कारणाचे एक अंग झाले. दुसरे अंग मिठाचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत घामावाटे पाणी आणि सोडियम दोन्ही जात असतात, म्हणजे नकळत थोडी मीठ-कपातच चालू असते. हिवाळ्यात घाम कमी होतो, आहारातले मीठ तसेच राहते किंवा वाढते, आणि मूत्रपिंडांवर ते बाहेर टाकण्याचा भार पडतो. तिसरे अंग सूर्यप्रकाशाचे. एडिंबरा येथील त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड वेलर यांच्या गटाने दाखवले, की अतिनील ‘अ’ किरण त्वचेवर पडले की तिथे साठलेले नायट्रिक ऑक्साइड रक्तात सुटते आणि धमन्या सैल होतात. पुढे अमेरिकेतल्या डायलिसिस केंद्रांमधल्या लाखो रुग्णांच्या नोंदींतही, तापमानाचा हिशेब वेगळा केल्यावर, हा परिणाम दिसला. सावळ्या त्वचेत तो कमी असतो आणि मुंबईचा हिवाळा स्वच्छ उन्हाचा असतो. म्हणून आपल्याकडे या कारणाला फार वजन देऊ नये असे मला वाटते. वांद्र्यात वजन पहाटेच्या हवेला आणि न आलेल्या घामाला आहे.

आता पुरावा. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या सौम्य रक्तदाबावरील चाचणीत हजारो माणसांचे आकडे वर्षानुवर्षे घेतले गेले होते. १९८२ मध्ये ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी ते महिन्यांप्रमाणे लावले, तेव्हा ते हिवाळ्यात वर आणि उन्हाळ्यात खाली असे नियमाने हलताना दिसले, आणि वयस्करांत अधिक. चीनमधल्या दहा भागांतल्या पाच लाख लोकांच्या कडूरी अभ्यासात हिवाळा आणि उन्हाळा यांतला वरच्या आकड्याचा सरासरी फरक १० मिलिमीटर निघाला. बाहेरचे तापमान दहा अंशांनी उतरले की वरचा आकडा सुमारे ५.७ ने चढत होता. याच अभ्यासात एक मार्मिक गोष्ट होती. उत्तर चीनमध्ये घरे केंद्रीय पद्धतीने तापवली जातात; तिथे बाहेर ५ अंशांखाली कडाका पडला तरी आकडे आणखी वाढत नव्हते. म्हणजे निर्णायक ठरते ते बाहेरचे नव्हे, घरातले तापमान. इंग्लंडमध्ये घरातले तापमान प्रत्यक्ष मोजले गेले, तेव्हा दर अंशाच्या घसरणीमागे वरच्या आकड्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरची वाढ आढळली. हेच माप वांद्र्याला ढोबळमानाने लावून पाहा. इथे घर तापवण्याची सोय कुणाकडेच नसते. मे महिन्याच्या पहाटे ३० अंशांवर असलेली खोली जानेवारीच्या पहाटे २१-२२ वर येत असेल, तर नुसत्या खोलीच्या थंडीने वरचा आकडा चार-पाच मिलिमीटरने वाढलेला असणार. युरोपीय हायपरटेन्शन सोसायटीच्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये सर्व अभ्यास एकत्र पाहून उन्हाळ्यातली सरासरी घट वरच्या आकड्यात ५ आणि खालच्यात ३ अशी सांगितली. आपला ढोबळ हिशेब तिच्या जवळपास बसतो.

तरीही कोणी म्हणेल, की हे सारे थंड देशांचे दाखले आहेत. त्याला उत्तर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून मिळते. तिथल्या १५ शहरांमधल्या चार लाखांहून अधिक रक्तदाबाच्या रुग्णांचे आकडे पाहिले गेले. त्यांत अलास्काचे अँकरेज होते, तसे पोर्तो रिकोचे सान हुआनही होते. सान हुआन साधारण मुंबईच्याच अक्षांशावर, समुद्रकाठी, बारमाही उबदार. तिथेही हिवाळ्यात रक्तदाब आटोक्यात आणणे उन्हाळ्यापेक्षा अवघड जात होते. उबदार गावातल्या माणसाचे शरीर उबदार हवेला सरावलेले असते, त्यामुळे थोडी घटही त्याला जाणवते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते आणि ते पटण्यासारखे आहे. दिल्लीत गोकुळपुरी या वस्तीतल्या तरुण स्त्रियांची तपासणी उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात झाली, तेव्हा हिवाळ्यात उच्च रक्तदाबाच्या व्याख्येत बसणाऱ्या स्त्रिया स्पष्टपणे जास्त निघाल्या. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयोगटातल्या ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला होता. अशा शहरात सीमारेषेवर उभ्या माणसांची संख्या मोठी असते, आणि चार-पाच मिलिमीटरचा धक्का कित्येकांना रेषेपलीकडे नेतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही वाढ निसर्गाचीच असेल आणि मार्चमध्ये आपोआप उतरणार असेल, तर तिच्यासाठी गोळ्या कशाला? यातली अर्धी गोष्ट खरी आहे. जानेवारीच्या एका सकाळी १४२ आकडा दिसला म्हणून नव्या माणसावर आयुष्यभराच्या औषधाचा शिक्का मारणे घाईचे ठरेल. त्याचे निदान दोन-तीन आठवड्यांच्या घरच्या मोजणीने पक्के करावे, आणि सीमेवरचा असेल तर उन्हाळ्यात पुन्हा तपासावे. पण ज्याला आधीच मधुमेह, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, त्याच्या बाबतीत तीन महिने आकडा वर ठेवणे हा निरुपद्रवी खेळ नाही. २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार वरचा आकडा ५ मिलिमीटरने कमी ठेवला, तर हृदय आणि मेंदूच्या मोठ्या घटना सुमारे दहा टक्क्यांनी घटतात. हा लाभ काही वर्षांच्या उपचारांचा आहे, तीन महिन्यांचा नव्हे, हे खरे. तरी हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात थंडीच्या दिवसांत आणि सकाळच्या प्रहरी जास्त येतात, हेही पक्के ठाऊक आहे. जोखीम ज्या वेळी मुळातच जास्त, त्याच वेळी दाबही वर असतो. म्हणून प्रश्न ‘वाढवायचे की नाही’ असा सरसकट सुटत नाही. कोणाचे, किती दिवसांच्या आकड्यांवर आणि परत कधी उतरवायचे, असा तो सोडवावा लागतो. ऋतूनुसार औषध बदलल्याने झटके कमी होतात असे थेट सिद्ध करणारी मोठी चाचणी अजून झालेली नाही. डॉक्टर इथे अनुमानावर चालतात, आणि म्हणूनच त्यांनी सावकाश चालावे.

सावकाशीचे आणखी एक कारण मोजणीत आहे. ऋतूचा परिणाम पाच मिलिमीटरचा, आणि एकाच माणसाच्या दोन दिवसांच्या आकड्यांत दहाचा फरक सहज पडतो. एका मोजणीतून ऋतू दिसत नाही, तो सरासरीतच दिसतो. वांद्र्यात यात एक स्थानिक गुंता आहे. भाभासारख्या पालिका रुग्णालयाची ओपीडी सकाळची असते, तर गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरचा दवाखाना बहुधा संध्याकाळी गजबजलेला असतो. संध्याकाळी सातला २७-२८ अंशांच्या हवेत, जिना उतरून चालत आलेल्या माणसाचा आकडा हिवाळ्यातही उन्हाळ्यासारखाच दिसू शकतो. त्याची पहाट डॉक्टरांना दिसतच नाही. उलट भल्या सकाळी ओपीडीच्या रांगेत, गोळी न घेता, थंड हवेत तासभर उभे राहिलेल्या माणसाचा आकडा वाजवीपेक्षा वर जातो. दोन्ही आकडे प्रामाणिकच असतात, पण त्यांवरून औषध बदलले तर पहिल्याला कमी आणि दुसऱ्याला जास्त पडेल. म्हणून घरची मोजणी हवी. सात दिवस, सकाळी गोळी आणि चहा घेण्याआधी, संध्याकाळी जेवणापूर्वी. लघवीला जाऊन, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर, स्वेटरच्या बाहीवर नव्हे. प्रत्येक वेळी मिनिटाच्या अंतराने दोन आकडे. पहिला दिवस सोडून द्यायचा आणि बाकीच्यांची सरासरी काढायची. गार पाण्याने अंघोळ करून लगेच मोजू नये. घरच्या मोजणीची सीमा १३५/८५ मानतात. सकाळची आणि संध्याकाळची सरासरी वेगवेगळीही काढावी, कारण आपला हिवाळा त्या दोघींमधल्या अंतरात सापडतो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत चालवून पाहू. समजा, वांद्रे पूर्वेला राहणारे ६४ वर्षांचे निवृत्त गृहस्थ आहेत. मधुमेह आहे, अॅम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम चालू आहेत, आणि एप्रिलमध्ये घरची सरासरी १२६/७६ होती. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांची सकाळची सरासरी १४६/८८, संध्याकाळची १३२/८० आणि दोन्हींची मिळून १३९/८४ येते. चांगला डॉक्टर इथे लगेच प्रिस्क्रिप्शन पॅड पुढे ओढत नाही. तो आधी विचारतो, गोळ्या रोज घेतल्या का, आणि थंडीत सर्दी झाली होती का. उत्तर मिळते, की आठवडाभर सर्दीची गोळी चालू आहे आणि गुडघ्यांसाठी अधूनमधून डायक्लोफेनॅक. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असते. नाक मोकळे करण्यासाठी ते धमन्या आकसवतात, म्हणजे थंडीचेच काम पुढे नेतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही वेदनाशामके मीठ धरून ठेवतात आणि टेल्मिसार्टनसारख्या औषधाचा जोर कमी करतात. हिवाळ्याच्या नावावर खपणाऱ्या वाढीतला बराचसा भाग असा केमिस्टच्या दुकानातून आलेला असतो, असे माझे मत आहे. दोन्ही गोळ्या थांबवल्या, पहाटेच्या फेरीला बंडी आणि कानटोपी आली, लोणचे-पापड कमी झाले. दोन आठवड्यांनी सकाळची सरासरी १४२/८६, संध्याकाळची १३१/७९, एकूण साधारण १३७/८३.

वाढ अजून शिल्लक आहे, पण छोटी. मधुमेह नसता तर बरेच डॉक्टर इथे थांबले असते, आणि ते योग्यच ठरले असते. मधुमेह असल्यामुळे या उदाहरणात टेल्मिसार्टन ४० वरून ८० केली जाते. अॅम्लोडिपिन ५ वरून १० करता आली असती, पण तिने घोट्यांना सूज येण्याची शक्यता वाढते. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचे, कारण टेल्मिसार्टनच्या वाढीव मात्रेत दोन्ही वर जाऊ शकतात. औषधाचा निकाल दुसऱ्या दिवशी मागू नये. अॅम्लोडिपिनची पातळी रक्तात स्थिरावायला आठवडा लागतो, आणि टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला चार आठवडे किंवा थोडे अधिक. अधीर होऊन आठवड्या-आठवड्याला मात्रा वाढवली, तर मागचे पाऊल उमटण्याआधीच पुढचे टाकल्यासारखे होते. ‘सकाळचा आकडा वर आहे, मग गोळी रात्री घेऊ का?’ हा नेहमीचा प्रश्न. ब्रिटनमधल्या २१ हजार लोकांच्या ‘टाइम’ चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला. त्यात सकाळी आणि संध्याकाळी गोळी घेणाऱ्यांत झटक्यांचे प्रमाण सारखेच राहिले. म्हणजे रोज न चुकता घेता येईल ती वेळ चांगली. आपल्या गृहस्थांची फेब्रुवारीतली सरासरी १२८/७८ वर येते आणि सगळे समाधानी होतात.

खरी चूक यानंतर होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईची हवा एकदम पालटते. आर्द्रता वाढते, घाम सुरू होतो, आणि पहाटेची थंडी गेल्यामुळे ज्या वाढीसाठी ८० मिलिग्रॅम दिले होते ती वाढच उरत नाही. गोळी मात्र तीच चालू राहते, कारण ‘बीपी छान आहे’. एप्रिलमध्ये सरासरी ११४/७० येते आणि बिछान्यातून उठताना घेरी येऊ लागते. ती उन्हाची म्हणून लिंबूसरबत दिले जाते. इथे करायची तपासणी साधी आहे. बसून मोजायचे, मग उभे राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजायचे. बसून ११४ असलेला आकडा उभे राहिल्यावर ९२ झाला, तर ही २० हून मोठी घसरण आहे आणि औषध जास्त होत आहे. टेल्मिसार्टन पुन्हा ४० वर आणली की प्रश्न मिटतो. युरोपीय तज्ज्ञांचा सल्लाही असाच आहे. गरमीत वरचा आकडा ११० च्या खाली राहू लागला, किंवा त्याआधीच चक्कर, थकवा अशी लक्षणे आली, तर मात्रा उतरवण्याचा विचार करावा. वाढवताना आठवडे थांबलेल्या डॉक्टरने उतरवताना तितके थांबू नये. किंचित वाढलेल्या दाबाचे नुकसान वर्षांच्या हिशेबाने होते. बाथरूममध्ये पडून मोडलेला खुबा एका सकाळचा असतो.

ज्यांना क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड अशी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबर हा काळ अधिक जपण्याचा. घामाने सोडियम जाते आणि गोळीही तेच बाहेर काढते. वृद्धांत सोडियम फार उतरले, की आधी गळून गेल्यासारखे वाटते, मग बोलण्यात विसंगती येते, आणि घरचे त्याला म्हातारपण समजतात. उन्हाळ्यात मात्रा कमी करायची वेळ आली तर म्हणूनच डॉक्टर बहुधा या गोळीपासून सुरुवात करतात. जुलाब-उलट्या लागल्या, तर ही गोळी आणि टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी दोन्ही चार दिवस थांबवायच्या का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारावे. कोरड्या पडलेल्या शरीरात ही जोडी मूत्रपिंडांना जड जाते.

उन्हाळ्यात दिवसाचा आकडा उतरला म्हणून रात्रीचाही उतरला असे मात्र नाही. फ्लोरेन्समध्ये मोदेस्ती यांच्या गटाने सहा हजारांहून अधिक लोकांच्या चोवीस तासांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उपचार घेणाऱ्या वृद्धांत उकाड्याच्या दिवसांत दिवसाचा दाब कमी, पण रात्रीचा वाढलेला आढळला. मे महिन्यात २७-२८ अंशांच्या घामट रात्री कूस बदलत काढणाऱ्या मुंबईकराला हे लागू होण्याची शक्यता पुष्कळ. म्हणून ज्यांना आधी पक्षाघात झाला आहे, त्यांची गोळी उन्हाळ्यात काढण्याआधी एकदा चोवीस तासांचा पट्टा लावून पाहणे बरे. दुसऱ्या टोकाला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या गार कार्यालयात दहा तास बसणाऱ्याच्या शरीराला उन्हाळा भेटतच नाही. त्याचे आकडे मे महिन्यात उतरले नाहीत तर नवल नाही, आणि कॅलेंडर पाहून त्याची मात्रा कमी करणे चुकीचे ठरेल.

कॅलेंडर पाहून औषध बदलू नये, पण मोजणीचा आठवडा मात्र कॅलेंडर पाहूनच ठरवावा. वांद्र्यासाठी तो वर्षातून तीनदा येतो: डिसेंबरच्या अखेरीस, मार्चच्या मध्यावर आणि ऑक्टोबरच्या उन्हात. डॉक्टरांनी थंडीत मात्रा वाढवली, तर ती पुन्हा कधी तपासायची हे त्याच भेटीत विचारा आणि कागदावर गोळीच्या नावाशेजारी मार्चची तारीख लिहून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी अर्धी करू नका. आठवड्याचे आकडे घेऊन दवाखान्यात जा.